चार भागांचा गोषवारा चार वाक्यांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.डी. आणि पीएच.डी. करणारे विद्यार्थी, आणि जर्नलमधला पेपर वाचून मराठीत बातमी लिहिणारे पत्रकार, अशा दोन प्रकारच्या लोकांकडून हे प्रश्न मला येत राहतात. उत्तरांत बहुतेक ठिकाणी एकच पेपर घेतला आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या नवजात बालमृत्यूंवरचा हा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आला. विषय मराठी वाचकाला परका नाही आणि गोषवारा नेटका आहे. तरीही तो चार वाक्यांत आणताना ज्या ज्या ठिकाणी पाय घसरू शकतो, त्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात सापडतात.

१. चार भागांचा गोषवारा म्हणजे नेमकं काय? आणि तो मुळातच छोटा असताना आणखी छोटा कशाला करायचा?

पूर्वी वैद्यकीय पेपरचा गोषवारा म्हणजे एक सलग परिच्छेद असे, आणि त्यात लेखकाला सोयीचं तेवढंच येई. १९८७ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये ठरावीक शीर्षकांचा गोषवारा सुचवला गेला आणि तो हळूहळू सर्वत्र रुळला. प्रत्येक जर्नलची शीर्षकं थोडी वेगळी असतात, पण गाभा तोच: पार्श्वभूमी, पद्धत, निकाल, निष्कर्ष. लांबी साधारण अडीचशे ते तीनशे शब्द.

चार वाक्यांची गरज पडते ती पुढच्या टप्प्यावर. परिषदेत पोस्टरच्या डोक्यावर, थीसिसच्या पूर्वपीठिकेत एकेका जुन्या अभ्यासाची ओळख करून देताना, वर्तमानपत्रातल्या चौकटीत, किंवा गाईडने “थोडक्यात सांग” म्हटल्यावर. ‘जामा’ तर आता प्रत्येक संशोधन पेपरसोबत प्रश्न, काय आढळलं आणि त्याचा अर्थ अशी छोटी चौकट लेखकांकडूनच लिहून घेतं.

२. सुरुवात कुठून करू? मी पार्श्वभूमीपासून लिहायला घेतो आणि तिथेच अडकतो.

निकालापासून करा. आधी निकालाचं वाक्य लिहा, मग पद्धतीचं, मग निष्कर्षाचं आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमीचं. वाचताना क्रम नेहमीचाच राहील, पण लिहिताना तो उलटसुलट करावा लागतो.

कारण साधं आहे. गोषवाऱ्यात निकाल पाच-सहा असतात आणि तुम्हाला एकच ठेवायचा असतो. तो ठरला की पद्धतीतलं काय हवं ते आपोआप ठरतं: त्या आकड्यावर विश्वास ठेवायला जेवढं लागतं तेवढंच. पार्श्वभूमी म्हणजे हा आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न. पार्श्वभूमीपासून सुरुवात केली की प्रत्येक भागातलं पहिलं वाक्य उचलण्याचा मोह होतो. अशी चार वाक्यं जोडून ठेवली तर ती चार वेगवेगळ्या पेपरांतून आल्यासारखी वाटतात.

३. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

गडचिरोलीच्या गोषवाऱ्यात काय काय आहे ते आधी माझ्या शब्दांत सांगतो.

पार्श्वभूमी अशी: विकसनशील देशांत रुग्णालयं दूर आणि महाग असल्यामुळे बहुतेक नवजात बाळांना उपचार मिळत नाहीत. म्हणून जंतुसंसर्गाच्या (सेप्सिसच्या) उपचारांसह घरीच काळजी घेण्याची एक पद्धत तयार केली. तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी घटेल, असं गृहीतक होतं.

पद्धत: ३९ गावांत ही सेवा, ४७ गावं तुलनेसाठी. १९९३ ते ९५ ही दोन वर्षं नुसत्या नोंदी, मग १९९५ ते ९८ सेवा. प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन जन्मतः श्वास कोंडणं, कमी वजन, थंड पडणं, स्तनपानातल्या अडचणी हे सगळं बघत आणि सेप्सिस ओळखून त्यावर उपचार करत. शिवाय प्रशिक्षित दाया, आरोग्यशिक्षण आणि दर पंधरवड्याला देखरेख. जन्म-मृत्यूंची नोंद करणारी माणसं मात्र वेगळी होती.

निकाल: सुरुवातीचा नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोचली आणि मृत्युदर २५.५ झाला, म्हणजे निव्वळ घट ६२.२ टक्के. अर्भक मृत्युदरातली निव्वळ घट ४५.७ टक्के, प्रसूतीच्या आगेमागे होणाऱ्या मृत्यूंमधली ७१ टक्के. सेप्सिस झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

निष्कर्ष: अशी काळजी लोक स्वीकारतात, ती देता येते, आणि अभ्यासातल्या कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येत तिने नवजात व अर्भक मृत्यू जवळपास निम्म्याने घटवले, विकसनशील देशांत तिचा मोठा उपयोग होऊ शकेल.

आता निवड. गृहीतक नवजात मृत्युदराबद्दल होतं, म्हणून निकालाच्या वाक्यात तोच येणार. सेप्सिसचा आकडा फार देखणा आहे आणि तोच उचलावासा वाटतो. पण ती ‘उपचारांआधी’ आणि ‘उपचारांनंतर’ अशी तुलना आहे, शेजारच्या गावांशी नाही. त्यामुळे तो दुसऱ्या क्रमांकाचा पुरावा ठरतो. दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, हेही लक्षात राहण्यासारखं आहे. पण त्या मोजणीत गर्भातले मृत्यूही धरले आहेत. नवजात मृत्युदराच्या वाक्याला ते जोडलं तर दोन वेगळ्या मोजण्या एकाच दोरीत ओवल्या जातात. दोन्ही सोडले.

माझी चार वाक्यं अशी झाली:

पार्श्वभूमी: रुग्णालयं दूर आणि महाग असलेल्या भागात, सेप्सिसच्या उपचारांसह नवजात बाळाची काळजी घरीच घेतली तर मृत्यू घटतात का, हे तपासायचं होतं.

पद्धत: गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत १९९५ ते १९९८ या काळात प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी ही सेवा दिली, आणि आधीच्या दोन वर्षांपासून सेवेत व सेवेशिवायच्या ४७ गावांत सर्व जन्म-मृत्यू स्वतंत्रपणे नोंदवले गेले.

निकाल: सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला; तुलनेच्या गावांतला बदल हिशेबात धरता ही निव्वळ घट ६२.२ टक्के होती.

निष्कर्ष: कुपोषित, निरक्षर ग्रामीण लोकसंख्येत अशी घरपोच काळजी देता येते, लोक ती स्वीकारतात आणि तिच्यामुळे नवजात व अर्भक मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.

पद्धतीचं वाक्य मला अजूनही जड वाटतं. ‘सेवेत व सेवेशिवायच्या’ हे तर कानाला खुपतंच. प्रश्न ७ मध्ये ते पुन्हा घेतलं आहे.

४. पद्धतीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं? सगळंच महत्त्वाचं वाटतं.

एकेक तुकडा काढून बघा आणि स्वतःला विचारा: हे काढल्यावर निकालावरचा माझा विश्वास वाढला, घटला की तेवढाच राहिला? तेवढाच राहिला असेल तर तो तुकडा गेला तरी चालेल. दर पंधरवड्याची देखरेख काढली तर तेवढाच राहतो. ४७ गावांची तुलना काढली तर विश्वास गैरवाजवी वाढतो, कारण सगळी घट सेवेमुळेच झाली असं वाटायला लागतं. जन्म-मृत्यू नोंदवणारे वेगळे होते हे काढलं तर विश्वास घटतो, कारण सेवा देणाऱ्यानेच मृत्यू मोजले असते तर शंका आली असती. म्हणून ‘स्वतंत्रपणे’ हा एक शब्द मी राखला आहे.

एक शब्द मात्र मनाने घालू नका: रँडमाइज्ड. गडचिरोलीची गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. पेपर स्वतःला ‘फील्ड ट्रायल’ म्हणतो. ‘ट्रायल’ दिसलं की ‘रँडमाइज्ड’ लिहिणं ही इतकी जुनी सवय आहे की मी आता दुरुस्त करताना आधी तेच शोधतो. उलट बाजूने, अभ्यास खरोखरच रँडमाइज्ड असेल तर तो शब्द कितीही जागा खात असला तरी गाळायचा नाही.

५. निकालाच्या वाक्यात किती आकडे असावेत? आणि पी-व्हॅल्यू द्यायची का?

तुलना उभी राहायला दोन, आणि फरक सांगायला एक. तीनच्या पुढे गेलात की वाचक आकडे वाचणं सोडतो.

फरक नुसता टक्क्यांत सांगू नका, मूळ दरही द्या. मृत्यू निम्मे झाले हे दोनाचा एक झाल्यावरही खरं असतं आणि साठाचे तीस झाल्यावरही. आणि दर कशामागे आहे ते सोडू नका. गडचिरोलीच्या पेपरात दोन ६२ आहेत: सुरुवातीचा दर हजारी ६२ आणि निव्वळ घट ६२.२ टक्के. घाईत लिहिणाऱ्याच्या हातून “मृत्यू ६२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर” असं सहज उतरतं. म्हणजे दर दहा बाळांतली सहा बाळं दगावत होती! असा आकडा कागदावर उतरला तर तो लिहिणाऱ्याला स्वतःलाच खटकायला हवा.

दुसरी खोच ‘निव्वळ’ या शब्दात आहे. कॅल्क्युलेटरवर ६२ आणि २५.५ घातले तर घट सुमारे ५९ टक्के येते, ६२.२ नाही. चूक छापलेली नाही. दरम्यान तुलनेच्या गावांत काय झालं तेही त्या आकड्यात धरलेलं आहे. ‘निव्वळ’ गाळलंत तर एखादा हिशेबी वाचक नक्की पत्र पाठवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

पी-व्हॅल्यू पत्रकारांनी गाळली तरी चालेल. थीसिससाठी लिहिताना ती कंसात द्या, आणि पेपरात विश्वासांतर म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलेला असेल तर पी-व्हॅल्यूऐवजी तोच द्या. का, ते प्रश्न ९ मध्ये.

६. निकालात ६२ टक्के आणि निष्कर्षात “जवळपास निम्मे”. एकाच गोषवाऱ्यात दोन वेगळे आकडे कसे? मी कोणता घेऊ?

दोन्ही बरोबर आहेत, कारण ते वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. ६२.२ टक्के ही नवजात मृत्यूंमधली, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंमधली घट. ‘जवळपास निम्मे’ हे नवजात आणि अर्भक मृत्यू दोन्हींना मिळून म्हटलं आहे, आणि अर्भकांमधली घट ४५.७ टक्के होती. दोन्हींवर एकच शब्द टाकायचा तर लेखकांनी हातचं राखून बोलणं पसंत केलं, असं मी ते वाचतो.

निष्कर्षाच्या वाक्यात निकालाच्या वाक्यातला आकडा कॉपी करू नका. लेखकांनी निष्कर्षात आवाज खाली आणला असेल तर तुम्हीही तो खालीच ठेवा. मात्र ‘नवजात व अर्भक’ हे दोन्ही शब्द टिकवा, नाहीतर वाचकाला तुमच्याच दोन वाक्यांत विसंगती दिसेल.

‘होऊ शकेल’ हा शेपटाचा भाग मी चार वाक्यांत घेतला नाही. तो त्या अभ्यासाने मोजलेला नाही, लेखकांची अपेक्षा आहे. बातमी लिहिणाऱ्याला तो हवा असेल तर पाचवं वाक्य म्हणून, लेखकांच्या तोंडी घालून द्या.

७. मराठीत वाक्य फार लांबतं. इंग्रजीत जे तीस शब्दांत बसतं ते इकडे गुंता होतं. काय करावं?

आपलं क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणं नामाच्या आधी रचली जातात, त्यामुळे पद्धतीच्या वाक्यात पंचवीस शब्द होईपर्यंत ‘केलं काय’ हेच कळत नाही. “प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन केलेल्या तपासणीद्वारे निदान झालेल्या सेप्सिसच्या…” असं सुरू झालेलं वाक्य वाचवता येत नाही. ते खोडून पुन्हा लिहावं लागतं.

माझा उपाय: एका वाक्यात दोन पूर्ण क्रियापदं ठेवायची आणि मध्ये अर्धविराम किंवा ‘आणि’. पहिल्या अर्ध्यात कोणी काय केलं, दुसऱ्यात ते कशाशी ताडून पाहिलं. एक वाक्य म्हणजे एक पूर्णविराम. एकच क्रियापद असा नियम कोणी घातलेला नाही. प्रश्न ३ मधलं पद्धतीचं वाक्य या रीतीने पुन्हा केलं तर असं होतं: “गडचिरोलीतल्या ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी १९९५ पासून तीन वर्षं घरोघरी ही सेवा दिली; या गावांतले आणि सेवा नसलेल्या ४७ गावांतले जन्म-मृत्यू १९९३ पासून वेगळ्या माणसांनी नोंदवले.” ‘द्वारे’, ‘अंतर्गत’, ‘संदर्भात’ हे शब्द दिसले की थांबा. बहुतेक वेळा तिथे एक क्रियापद दडपलेलं असतं.

८. शीर्षकांना मराठीत काय म्हणायचं? ‘निष्कर्ष’ दोन ठिकाणी येतोय.

हा गोंधळ खरा आहे. मराठीत ‘अभ्यासाचे निष्कर्ष’ म्हणताना लोकांना कधी आढळलेली गोष्ट अभिप्रेत असते, कधी त्यावरून काढलेलं अनुमान. ‘लॅन्सेट’ तिसऱ्या भागाला जे शीर्षक देतं त्याचंही मराठी बरेच जण ‘निष्कर्ष’ करतात, आणि मग चौथ्यासाठी शब्दच उरत नाही. मी आढळलेल्या गोष्टीला ‘निकाल’ आणि अनुमानाला ‘निष्कर्ष’ म्हणतो. सामान्य वाचकांसाठी असेल तर ‘काय आढळलं’ आणि ‘त्याचा अर्थ काय’ हे दोन्हींपेक्षा सरस.

९. फरक आढळलाच नाही, तर निकालाचं वाक्य कसं लिहायचं? “काही उपयोग नाही” म्हणू का?

ते अभ्यास किती मोठा होता यावर आहे. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने २०२० मध्ये रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तपासलं. औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले, नेहमीचे उपचार घेणाऱ्या ३,१५५ पैकी २५ टक्के. मृत्युदरांचं गुणोत्तर १.०९ आणि विश्वासांतर ०.९७ ते १.२३. म्हणजे औषधाच्या बाजूने कितीही झुकतं माप टाकलं तरी मृत्यू तीनेक टक्क्यांहून जास्त घटले असण्याची शक्यता फार कमी. इथे “या रुग्णांत औषधाने मृत्यू घटले नाहीत” हे ठाम वाक्य शोभतं.

आता समजा, तुमच्या थीसिसमध्ये चाळीस रुग्ण आहेत आणि विश्वासांतर ०.४ ते २.१ आलं. त्यात मृत्यू निम्म्याहून कमी होणंही बसतं आणि दुप्पट होणंही. इथे “परिणाम नाही” लिहिणं खोटं ठरेल. “फरक आहे की नाही हे या अभ्यासावरून सांगता येत नाही” एवढंच खरं. दोन्ही अभ्यासांत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर असेल, म्हणूनच नुसती पी-व्हॅल्यू पुरत नाही.

मुख्य निकाल पडला की निष्कर्षात दुसरंच काहीतरी चमकवलं जातं, यावरही लक्ष ठेवा. इसाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘जामा’त अशा ७२ ट्रायल्स तपासल्या, ज्यांत मुख्य निकालात लक्षणीय फरक नव्हता, ४२ गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात त्यांना अशी रंगसफेदी आढळली. चार वाक्यं करताना निष्कर्ष आहे तसा उचललात तर ती रंगसफेदीही तुमच्या नावावर येते. अशा वेळी निष्कर्षाचं वाक्य निकालाच्या वाक्यावरून स्वतः लिहा.

१०. निकाल एका गटात एक आणि दुसऱ्या गटात उलट असेल तर? एका वाक्यात सरासरी देऊन मोकळं व्हावं का?

नाही. इथेच एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्याच रिकव्हरी ट्रायलचा डेक्सामेथासोनचा निकाल घ्या. सगळे रुग्ण मिळून मृत्यू २२.९ टक्के, औषध नसलेल्या गटात २५.७. हे एकच वाक्य लिहिलं तर अर्थ होतो “कोविड झाला की स्टेरॉइड घ्या”. गोषवाऱ्यात पुढे तीन गट वेगळे दिले आहेत: श्वसनयंत्रावरच्या रुग्णांत २९.३ विरुद्ध ४१.४, ऑक्सिजनवरच्यांत २३.३ विरुद्ध २६.२, आणि ऑक्सिजनही न लागणाऱ्यांत १७.८ विरुद्ध १४.०. २०२१ च्या लाटेत आपल्याकडे घरच्या घरी, ऑक्सिजनची गरज नसताना स्टेरॉइड सुरू करू नका असं डॉक्टर कळवळून सांगत होते, ते या तिसऱ्या गटामुळेही.

माझं वाक्य असं: “डेक्सामेथासोनच्या गटात २८ दिवसांतले मृत्यू श्वसनयंत्रावरच्या रुग्णांत २९.३ टक्के (एरवी ४१.४) आणि ऑक्सिजनवरच्यांत २३.३ टक्के (एरवी २६.२) होते, ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसला नाही.” तिसऱ्या गटाचे आकडे मी मुद्दाम दिले नाहीत. ते दिले की वाचक “नुकसान झालं” असं वाचतो, आणि विश्वासांतर ०.९२ ते १.५५ असताना तेवढं म्हणता येत नाही. आकड्यांची तिनाची मर्यादा (प्रश्न ५) इथे मोडली आहे, आणि इथे ती मोडायलाच हवी.

एक बारीक गोष्ट. इथे “४१.४ वरून २९.३ वर आले” लिहू नका. ‘वरून’ म्हणजे तोच गट आधी आणि नंतर. गडचिरोलीत तीच गावं होती, तिथे ‘वरून’ बरोबर. इथे एकाच वेळी दोन वेगळे गट होते, म्हणून ‘विरुद्ध’ किंवा ‘एरवी’. बातम्यांत हा ‘वरून’ सर्रास दिसतो आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच अभ्यास उभा करतो.

११. बातमीत “एक तृतीयांश मृत्यू घटले” होतं, पेपरात तसं दिसत नाही. कोण चुकलं?

कदाचित कोणीच नाही. डेक्सामेथासोनची घोषणा १६ जून २०२० ला झाली, तेव्हा एक तृतीयांश घट सांगितली ती फक्त श्वसनयंत्रावरच्या रुग्णांसाठी आणि सापेक्ष भाषेत. ४१.४ आणि २९.३ मध्ये अंतर बारा टक्के अंकांचं आहे. ‘टक्के’ आणि ‘टक्के अंक’ हा फरक मराठीत सहज पुसला जातो. दोन्ही दर दिले की तो आपोआप सुटतो. शिवाय आकडे आवृत्तीगणिक बदलतात. त्याच महिन्यातल्या प्रीप्रिंटमध्ये एकूण मृत्यू २१.६ विरुद्ध २४.६ टक्के होते, जर्नलमध्ये २२.९ विरुद्ध २५.७. तुम्ही कोणती आवृत्ती वाचली ते टिपून ठेवा आणि दोन आवृत्त्यांचे आकडे एका वाक्यात मिसळू नका.

१२. पार्श्वभूमीचं वाक्य नेहमी “अमुक ही जगभरातली गंभीर समस्या आहे” असंच का होतं?

कारण गोषवाऱ्यातलं पहिलं वाक्य तसंच असतं. ते सोडा आणि शेवटचं घ्या. तिथे प्रश्न असतो. चाचणी अशी की पार्श्वभूमीचं वाक्य प्रश्नचिन्ह लावून वाचता आलं पाहिजे आणि निकालाच्या वाक्याने त्याचं उत्तर दिलं पाहिजे. तसं होत नसेल तर दोहोंपैकी एक चुकीचं निवडलं गेलं आहे.

१३. सिनॉप्सिस द्यायचा आहे, निकाल अजून आलेलाच नाही. चार वाक्यं कशी करू?

तीनच करा. पार्श्वभूमी आणि पद्धत वरच्यासारखीच, फक्त भविष्यकाळात. निकालाच्या जागी मुख्य मोजमाप काय आणि किती फरक पडला तर तो मोलाचा मानणार, हे लिहा. गडचिरोलीच्या गृहीतकात ‘तीन वर्षांत किमान २५ टक्के’ होतं तसं. निष्कर्षाची जागा मोकळी सोडा. “या अभ्यासाने उपचारांना नवी दिशा मिळेल” हे वाक्य मी निदान शंभर सिनॉप्सिसमधून खोडलं असेल.

१४. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासाला किंवा सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला हीच रीत चालते का?

रिव्ह्यूला चालते. पद्धतीत गावांऐवजी किती अभ्यास आणि एकूण किती माणसं ते सांगा, आणि निकालात एकत्रित आकड्यासोबत ते अभ्यास एकमेकांशी जुळत होते की नाही हे दोन शब्दांत द्या. मुलाखतींच्या अभ्यासात आकडा नसतो, म्हणून निकालाच्या वाक्यात लोकांनी दिलेलं मुख्य कारण किंवा मुख्य ताण नाव घेऊन सांगा. “विविध घटक आढळले” असं लिहिलंत तर वाक्य लिहिलंच नाही असं समजा.

१५. लिहून झाल्यावर तपासायचं कसं?

एक दिवस जाऊ द्या. मग मूळ गोषवारा न उघडता तुमची चार वाक्यं विषयाबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या आणि त्यांना हा अभ्यास तोंडी सांगायला लावा. ते ज्या ठिकाणी “म्हणजे सगळ्यांना?” किंवा “कशाच्या तुलनेत?” विचारतील, तिथे पद्धतीतला एखादा शब्द गळला आहे. ते जिथे तुमच्यापेक्षा मोठा दावा करतील, तिथे निष्कर्षाचं क्रियापद सैल आहे. त्यानंतर मूळ पेपर उघडा आणि प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने पेपरातला पान क्रमांक लिहा. गोषवाऱ्याचा नव्हे, आतल्या तक्त्याचा. गोषवारा आणि तक्ता जुळत नसतील तर तक्त्यातला आकडा घ्या, आणि तसं केल्याचं कंसात नमूद करा.